दोन साहेबांचा तिढा वर सुटतो, खाली नाही

वाचकाचे पत्र

«मी उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत फर्मवेअर विभागाची प्रमुख आहे. माझ्याकडे बारा अभियंते असून पंप कंट्रोलर, मीटर आणि चार्जर या तिन्ही उत्पादनांचे काम तेच करतात. दीड वर्षापूर्वी कंपनीने मॅट्रिक्स रचना आणली. तेव्हापासून प्रत्येक अभियंत्याला दोन वरिष्ठ आहेत, एक मी आणि दुसरा त्या उत्पादनाचा प्रॉडक्ट मॅनेजर. कोणाचे आधी ऐकायचे हे कोणालाच कळत नाही. दोन चांगले अभियंते सोडून गेले, त्यांच्या जागा आत्ता कुठे भरल्या. तीन स्वतंत्र डिव्हिजन करून अभियंते वाटून टाकावेत की पुन्हा जुन्या, कौशल्यानुसार विभाग असलेल्या फंक्शनल रचनेकडे जावे, असे संचालकांनी विचारले आहे. एका माणसाला दोन साहेब असूच नयेत, असे माझे मत झाले आहे. मी काय सुचवू?»

उत्तर

नमस्कार,

तुमचे मत नवे नाही आणि चुकीच्या माणसांचेही नाही. हेन्री फायोल या फ्रेंच खाण अभियंत्याने 1916 मध्ये व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली, त्यांत एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आज्ञा मिळावी हे एक ठळक तत्त्व होते. त्याच्या आधी अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने नेमका उलटा प्रयोग सुचवला होता. एका कामगारावर आठ वेगवेगळ्या विषयांचे आठ फोरमन असावेत, कारण सगळे विषय येणारा एकच फोरमन मिळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. फायोलने त्यावर टीका केली. म्हणजे हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि दोन्ही बाजूंना काही खरे कारण होते. टेलरच्या बाजूचे कारण तुमच्या पत्रातही दडलेले आहे, म्हणून आधी त्याकडे बघू.

तीन उत्पादनांना मिळून बारा अभियंते हा आकडा नीट पाहा. वाटणी करायची म्हटली तर प्रत्येक डिव्हिजनला चार जण येतील. आता पुढच्या वर्षाचा अंदाज असा आहे असे धरू. पहिल्या तिमाहीत पंप कंट्रोलरला सहा, मीटरला चार आणि चार्जरला दोन अभियंते लागतील. दुसऱ्या तिमाहीत अनुक्रमे तीन, सहा आणि तीन लागतील. तिसऱ्या तिमाहीत दोन, चार आणि सहा, आणि चौथ्या तिमाहीत पाच, दोन आणि चार. कोणत्याही तिमाहीत एकूण गरज बारापेक्षा जास्त होत नाही. तरीही वाटणी केल्यावर पहिल्या तिमाहीत पंपाला दोन माणसे कमी पडतात आणि चार्जरचे दोघे हात बांधून बसतात. दुसऱ्यात मीटर अडतो, तिसऱ्यात चार्जर आणि चौथ्यात पुन्हा पंप. प्रत्येक डिव्हिजनला आपल्या गर्दीच्या काळात स्वतःच्या बळावर उभे राहायचे असेल तर तिन्हीकडे सहा-सहा, म्हणजे अठरा अभियंते लागतील. बारा जण एकत्र असताना हे सहा जास्तीचे लागत नाहीत. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे खरे आकडे याच पद्धतीने मांडून पाहा, कारण संचालकांना द्यायच्या उत्तराचा पाया तोच असेल.

संख्येपेक्षाही कौशल्याची वाटणी अवघड असते. बारा जणांत सुरक्षा प्रमाणपत्राच्या चाचण्या पक्क्या माहीत असलेले दोघेच असतील, तर त्यांचे तीन भाग होत नाहीत. ज्या डिव्हिजनला त्यांच्यापैकी कोणी मिळणार नाही, ती वर्षभरात हात पसरून दुसरीकडे येईल आणि तुम्ही ज्याला डिव्हिजनल म्हणत आहात त्यात मागच्या दाराने मॅट्रिक्स परत शिरेल. फरक इतकाच की तेव्हा त्याला नियम नसतील.

फंक्शनल रचनेकडे परतण्याची किंमत वेगळी आहे. तिथे माणसे एकत्र राहतात, कौशल्य वाढते आणि साहेब एकच असतो. पण तीन उत्पादनांपैकी कोणाच्या तारखेला आधी पकडायचे, हे ठरवायला तुम्ही, हार्डवेअर प्रमुख, चाचणी प्रमुख आणि खरेदी प्रमुख यांना प्रत्येक वेळी एकत्र यावे लागते. प्रत्येकाची रांग वेगळी असल्याने एकच उत्पादन चार विभागांत चार ठिकाणी अडकते आणि ग्राहकाला उत्तर देणारा माणूस कुठल्याच रांगेचा मालक नसतो. तुमची कंपनी याच त्रासातून मॅट्रिक्सकडे वळली असण्याची दाट शक्यता आहे. संचालकांना विचारा की दीड वर्षापूर्वी ही रचना नक्की कोणत्या तक्रारीमुळे आणली. ती तक्रार आजही जिवंत असेल, तर जुन्या रचनेत गेल्यावर ती पहिल्याच तिमाहीत परत दारात उभी राहील.

1960 च्या दशकात अमेरिकेतल्या विमान आणि अवकाश उद्योगात मॅट्रिक्स रूढ झाले, त्याचे कारणही असेच होते. सरकारी ग्राहकाला प्रत्येक प्रकल्पासाठी जाब विचारता येईल असा एक माणूस हवा होता, आणि दुर्मीळ तज्ज्ञ मात्र प्रत्येक प्रकल्पाला वेगळे देणे कंपन्यांना परवडत नव्हते. या दोन्ही गरजा एकाच वेळी खऱ्या असतील तरच दोन साहेब ठेवण्याची किंमत मोजावी. त्यांतली एक जरी गरज नसेल, तर मॅट्रिक्स हा निव्वळ त्रास आहे आणि ते मोडायला मी पहिली हो म्हणेन.

आता तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते. अभियंते गोंधळले आहेत ते दोन वरिष्ठ असल्यामुळे, असे तुम्ही मानता. मला वाटते, ते गोंधळले आहेत कारण दोन वरिष्ठांमध्ये जे ठरायला हवे होते ते ठरलेच नाही आणि ते ठरवण्याचे काम सर्वांत कनिष्ठ माणसावर येऊन पडले. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण उपाय वेगळे आहेत.

एक प्रसंग जवळून पाहू. बुधवारी सकाळी पंपाचा प्रॉडक्ट मॅनेजर एका अभियंत्याला सांगतो की शुक्रवारी ग्राहकासमोर प्रात्यक्षिक आहे, डिस्प्लेवरचा दोष काढून दे. त्याच अभियंत्याला तुम्ही सोमवारी सांगितले आहे की तिन्ही उत्पादनांत वापरला जाणारा बूटलोडर शुक्रवारपर्यंत तपासून पूर्ण कर. दोन्ही कामे दोन-दोन दिवसांची आहेत आणि बुधवार धरला तरी हातात तीनच दिवस आहेत. तो अभियंता दोघांनाही ‘करतो’ असे म्हणतो, रात्री उशिरापर्यंत बसतो आणि शुक्रवारी दोन्ही कामे अर्धवट देतो. त्याच्या साप्ताहिक अहवालात पाहिले तर पंपाच्या रकान्यात 80 टक्के आणि फर्मवेअर विभागाच्या रकान्यात 60 टक्के वेळ लिहिलेला सापडतो. एकाच माणसाच्या आठवड्याची बेरीज 140 टक्के होते आणि कोणीच ती करत नाही, कारण दोन अहवाल दोन वेगळ्या टेबलांवर जातात.

या भांडणात तांत्रिक मतभेद कुठेच नाही. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. तो प्रॉडक्ट मॅनेजर एकटा सोडवू शकत नाही, कारण बूटलोडरचा उपयोग मीटर आणि चार्जरला आहे आणि त्यांचे नुकसान त्याला दिसत नाही. तुम्हीही एकट्या सोडवू शकत नाही, कारण ग्राहकाचे प्रात्यक्षिक हातचे गेले तर त्याचा जाब तुम्हाला विचारला जाणार नाही. हा निर्णय तुमच्या दोघांच्याही वर असलेल्या, तिन्ही उत्पादनांची जबाबदारी असलेल्या माणसाचा आहे. तो तिथे झाला नाही म्हणून खाली उतरला.

म्हणून संचालकांना उत्तर देण्याआधी एक काम करा. येत्या सहा आठवड्यांसाठी एक साधी नोंदवही ठेवा. महिन्यात उत्तर हवे असेल तर सुरुवात आजच करा, चार आठवड्यांवर प्राथमिक उत्तर द्या आणि उरलेल्या नोंदी नंतर जोडा. प्रत्येक वेळी दोन वरिष्ठांच्या सूचना एकमेकींना छेदल्या की तारीख, वाद कशाबद्दल होता, तो कोणी मिटवला आणि मिटायला किती दिवस लागले, एवढे लिहा. वादाचे चार प्रकार पुरतात: कामाचा क्रम, माणसांची वाटणी, काम करण्याची तांत्रिक पद्धत आणि माणसाचे स्वतःचे प्रश्न, म्हणजे रजा, मूल्यांकन, बढती. नोंदी प्रॉडक्ट मॅनेजरांनीही भरल्या पाहिजेत, नाहीतर ती तुमच्या तक्रारींची वही होईल.

मला आजवरच्या कामात असे दिसले आहे की नोंदी जमल्या की एक-दोन प्रकारांचाच ढीग होतो. क्रम आणि वाटणीचा ढीग असेल, तर तुमच्याकडे वाटपाची पद्धत नाही. तांत्रिक पद्धतीचा ढीग असेल, तर प्रॉडक्ट मॅनेजर तुमच्या अधिकारात शिरत आहेत किंवा तुम्ही त्यांच्या तारखांना पद्धतीच्या नावाखाली अडवत आहात. चौथ्या प्रकाराचा ढीग असेल, तर सोडून गेलेल्या दोघांचे उत्तर बहुधा तिथेच सापडेल. त्या दोघांचे शेवटचे मूल्यांकन काढून वाचा. ज्याने वर्षभर त्यांचे काम पाहिले आणि ज्याने त्यांना गुण दिले, ते दोघे एकच होते का?

आता मॅट्रिक्स ठेवायचे ठरले तर काय बदलायचे ते सांगते. पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा बदल म्हणजे दोन साहेबांची रचना किती खोलवर न्यायची याचा. तुमच्याकडे बाराही अभियंत्यांना दोन वरिष्ठ आहेत. एवढ्यांची गरज नाही. मॅट्रिक्सचे चित्र चौकटीसारखे सर्वत्र पसरलेले नसते, ते पतंगासारखे असते. वरच्या टोकाला तिन्ही उत्पादनांचा आणि विभागांचा समान वरिष्ठ, बाजूंच्या दोन टोकांना विभागप्रमुख आणि प्रॉडक्ट मॅनेजर, आणि खालच्या टोकाला या दोघांनाही उत्तर देणारा एकच माणूस. त्या माणसाच्या खाली असलेल्यांना पुन्हा एकच साहेब असतो, तो स्वतः. तुमच्या अभियंत्यांतून प्रत्येक उत्पादनासाठी एक टीम लीड नेमा. दोन साहेबांची कसरत या तिघांनीच करायची, कारण तेवढी परिपक्वता आणि वाटाघाटीची ताकद असलेले तिघे मिळणे शक्य आहे, बारा मिळणे नाही. बाकीचे नऊ जण रोजच्या कामासाठी फक्त आपल्या लीडचे ऐकतील.

यात एक अडचण आहे आणि ती लपवायला नको. नऊ जण कायमचे एकेका लीडकडे बसवले, तर आपण वर पाहिलेली डिव्हिजनल वाटणीच झाली. म्हणून नेमणूक तिमाहीची करा. तिमाहीच्या आधी तुम्ही, तिन्ही प्रॉडक्ट मॅनेजर आणि तुमचे समान वरिष्ठ एका बैठकीत बसून कोण कुठे जाईल हे ठरवा. एकदा ठरले की त्या तेरा आठवड्यांत दोन्ही वरिष्ठांच्या संमतीशिवाय माणूस हलवायचा नाही. पहिल्या तिमाहीतले अंदाज चुकतील, ते चुकूच द्या. बैठकीची सवय अंदाजापेक्षा मोलाची आहे. बूटलोडरसारख्या तिन्ही उत्पादनांना सामायिक असलेल्या कामासाठी याच बैठकीत स्वतंत्र वेळ बाजूला काढून ठेवा, नाहीतर ते काम कायम कोणाच्यातरी घाईतून चोरावे लागते.

दुसरा बदल अधिकारांचा. ‘दोघांचा समान अधिकार’ हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते, पण त्याचा अर्थ कोणाचाच अधिकार नाही असा होतो. विषय वाटून घ्या. काय बनवायचे आणि कधीपर्यंत, हे प्रॉडक्ट मॅनेजरने ठरवावे. ते कसे बनवायचे आणि बाहेर पाठवण्याइतके झाले आहे का, हे तुम्ही ठरवावे, आणि सुरक्षेच्या कारणावरून उत्पादन थांबवण्याचा अधिकार तुमच्याकडे असावा. कोण कुठे काम करेल हे तिमाहीच्या बैठकीत ठरेल. रजा रोजच्या कामाचा लीड मंजूर करेल. ही यादी एका पानावर मावली पाहिजे आणि प्रत्येक विषयापुढे एकच नाव असले पाहिजे.

मूल्यांकनाचा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण दोन साहेबांची रचना बहुतेक ठिकाणी तिथेच ढासळते. पगारवाढीच्या कागदावर ज्याची सही असते तोच खरा साहेब, हे कंपनीच्या रचनेच्या कोणत्याही नकाशाआधी कर्मचाऱ्यांना कळते. तपासायचे असेल तर एक सोपी खूण आहे: दोन वरिष्ठांच्या बैठका एकाच वेळी आल्या की अभियंता कोणाची बैठक रद्द करतो ते पाहा. नकाशावर ठळक रेष कोणाची, म्हणजे खरा साहेब कोण, आणि तुटक रेष कोणाची, हे त्यावरून कळते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक अभियंत्यासाठी उद्दिष्टांचा एकच कागद करा, त्यावर तुमची आणि प्रॉडक्ट मॅनेजरची दोघांचीही सही असू द्या. वर्षअखेरीचे मूल्यांकन तुम्ही लिहा, कारण कौशल्याची वाढ तुम्हालाच दिसते, पण प्रॉडक्ट मॅनेजर आणि लीड यांचे लेखी मत त्याच कागदावर यावे आणि अभियंत्याला ते वाचता यावे. याचा परिणाम असा होईल की तोल थोडा तुमच्या बाजूला झुकेल. तुमच्या बाजारात तारीख चुकणे हे दोषापेक्षा महाग पडत असेल, तर तोल प्रॉडक्ट मॅनेजरकडे झुकवावा लागेल आणि लेखणी त्यांच्या हातात द्यावी लागेल. समतोल ही एकदाच ठरवायची गोष्ट नाही.

तिसरा बदल वाद वर नेण्याचा. नियम असा करा की दोन वरिष्ठांच्या सूचना आदळल्या, तर अभियंत्याने फक्त दोघांना एकाच संदेशात ते कळवायचे. त्यानंतर तो निरोप्या होणार नाही. दोन कामाच्या दिवसांत तुम्ही दोघांनी मिटवायचे, नाही मिटले तर दोघांनी मिळून समान वरिष्ठाकडे जायचे. एकट्याने नाही. एकट्याने गेलेला माणूस आपली बाजू मांडतो, दोघे गेले की प्रश्न मांडला जातो. हा वरिष्ठ नक्की कोण आहे हेही पाहा. तुमच्या आणि प्रॉडक्ट मॅनेजरच्या साखळ्या थेट संचालकांपाशीच मिळत असतील, तर बूटलोडरचा प्रत्येक वाद त्यांच्या टेबलावर जाईल, आणि त्यांना वेळ नसल्याने तो तिथेच पडून राहील. मग मधल्या पातळीवर कोणालातरी हा अधिकार स्पष्टपणे द्यावा लागेल.

याच ठिकाणी संचालकांना एक अवघड गोष्ट सांगावी लागेल. प्रॉडक्ट मॅनेजरला विक्री आणि तारखांवर मोजले जाते आणि तुम्हाला दोषांच्या संख्येवर व माणसांच्या वापरावर, असे असेल तर तुम्ही दोघे कितीही समजूतदार असलात तरी भांडत राहाल, कारण कंपनीने तुम्हाला भांडण्याचाच पगार दिला आहे. तुमच्या मोजमापात एखादी तारीख आणि त्यांच्या मोजमापात एखादा दोषांचा आकडा आला पाहिजे. हे मोजमाप बदलण्याचा अधिकार संचालकांकडे आहे, तुमच्याकडे नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे जड गेले आहे. 1988 मध्ये स्वीडनच्या आसेआ आणि स्वित्झर्लंडच्या ब्राउन बोवेरी या कंपन्या एकत्र येऊन एबीबी झाली. तिथे देश आणि व्यवसाय अशा दोन बाजूंनी उत्तर देणारी रचना पर्सी बार्नेविक यांनी उभी केली आणि ती जगभर आदर्श म्हणून दाखवली गेली. त्यांच्यानंतर आलेल्या प्रमुखांनी 1998 मध्ये प्रादेशिक पातळी काढून व्यवसायाची बाजू ठळक केली. त्यावरून मॅट्रिक्स नेहमी अपयशी ठरते असे मी म्हणणार नाही. दहा वर्षांत गरजांचे वजन बदलले आणि रचनाही बदलली.

डिव्हिजनची शिफारस कधी करावी, हेही तुम्हाला सांगायला हवे, कारण कदाचित तेच योग्य ठरेल. एखाद्या उत्पादनाचे काम वर्षभर साधारण सारखे राहते, त्याचे तंत्रज्ञान इतरांशी फारसे जुळत नाही आणि त्याचे ग्राहक वेगळे आहेत, असे तिन्ही एकत्र दिसले तर त्याला स्वतःची माणसे द्यावीत. मी स्वतः एका कंपनीत डिव्हिजनच्या बाजूने मत दिले होते आणि रचना पार पडल्यावर दोन वर्षांनी आम्हाला एकच बॅटरीचा दोष तीन वेगवेगळ्या डिव्हिजननी तीनदा स्वतंत्रपणे शोधलेला सापडला, कारण अभियंत्यांना एकमेकांकडे पाहण्याचे कारण उरले नव्हते. त्यावर उपाय म्हणून मग तज्ज्ञांची महिन्याची एक बैठक सुरू करावी लागली. डिव्हिजन करणार असाल तर ही बैठक आणि सामायिक कोडची मालकी कोणाची, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

तुमच्या बाबतीत आणखी एक प्रश्न मला विचारावासा वाटतो. या वादात तुम्ही स्वतः एक साहेब आहात. डिव्हिजन झाली तर तुमचे पद जाण्याची शक्यता आहे आणि फंक्शनल रचना झाली तर तुमचा अधिकार वाढतो. तुमचे मत यामुळे चुकीचे ठरत नाही, पण संचालकांना द्यायच्या टिपणात पहिल्याच परिच्छेदात हे लिहा आणि नोंदवहीचे आकडे सोबत जोडा. मग तुमच्या शिफारशीवर कोणी हेतूचा आरोप करू शकणार नाही, आणि प्रॉडक्ट मॅनेजरही आपली बाजू तितक्याच मोकळेपणाने लिहितील.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे बाराही जणांचे दोन साहेब काढून फक्त तीन लीडचे ठेवावेत आणि वर सांगितलेले नियम दोन तिमाह्या चालवून पाहावेत. त्यानंतरही नोंदवहीत चार्जरचेच वाद निम्म्याहून जास्त असतील आणि चार्जरची माणसे प्रत्यक्षात दुसरीकडे हलतच नसतील, तर फक्त चार्जरसाठी चार-पाच अभियंत्यांची डिव्हिजन वेगळी काढा, आणि पंप व मीटरचे काम उरलेल्यांमध्ये सामायिक ठेवा. एका कंपनीत तिन्ही उत्पादनांना एकाच साच्यात बसवलेच पाहिजे, असा कोणताही नियम नाही.